हुकूमनामा हातात, फर्मचं खातं उणे शिलकेत : जप्ती कशावर आणि कोणत्या क्रमाने आणावी?

रेवती_के

नमस्कार. आमचा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा छोटा कारखाना आहे. एका भागीदारी फर्मला उधारीवर माल दिला, पैसे थकले, म्हणून १ जुलै २०१९ ला दावा लावला. नोव्हेंबर २०२३ मध्ये हुकूमनामा आमच्या बाजूने झाला. मुद्दल ११,४०,००० रुपये, त्यावर दावा दाखल केल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत ९ टक्के सरळ व्याज आणि ४८,००० रुपये खर्च. समोरच्यांनी अपील केलेलं नाही. पैसेही दिलेले नाहीत. फर्म वडील आणि मुलगा अशा दोघांची आहे आणि धंदा जोरात चालू आहे.

२०२४ मध्ये हुकूमनाम्याच्या बजावणीसाठी दरखास्त दाखल केली. वकिलांनी पहिली जप्ती फर्मच्या बँक खात्यावर आणली. बँकेने कोर्टाला लेखी कळवलं की हे कॅश क्रेडिट खातं आहे, त्यात २२ लाखांची नावे बाकी आहे, त्यामुळे बँक फर्मला काहीच देणं लागत नाही. म्हणजे एक रुपयाही मिळाला नाही.

आता माझ्यापुढे दोन गोष्टी आहेत. फर्मच्या भाड्याच्या गोदामातला माल आणि वडिलांच्या नावावरचा एक बिगरशेती प्लॉट. आधी कशाच्या मागे लागू? हुकूमनामा फर्मच्या नावाने आहे, तर वडिलांच्या नावावरच्या प्लॉटला हात लावता येतो का?

माधवराव_जे

ताई, खात्यावरची जप्ती उठवू नका. ती तशीच राहू द्या. आज नाही तर उद्या पार्टीकडून पैसे जमा होतील, ते बँकेला धरून ठेवावेच लागतील. आणि भागीदारी म्हणजे भागीदारांची अमर्याद जबाबदारी, त्यामुळे प्लॉटवर सरळ जप्ती आणा. यात विचारण्यासारखं काही नाही.

कोर्टपायरी

माधवराव, तुमची दोन्ही वाक्यं अर्धी बरोबर आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मी दिवाणी बाजूला वकिली करतो आणि बराचसा वेळ दरखास्तींतच जातो.

खात्यावर जप्ती आणतो तेव्हा आपण नोटांचा गठ्ठा जप्त करत नसतो. बँक खातेदाराला जे देणं लागते ते देणं जप्त करतो. चालू खात्यात दोन लाख शिल्लक असतील तर बँक दोन लाख देणं लागते. कॅश क्रेडिटमध्ये गणित उलटं असतं, तिथे खातेदारच बँकेचा देणेकरी. मर्यादा ३० लाखांची आणि उचल २२ लाखांची असली तरी उरलेले ८ लाख हे फर्मचे पैसे नाहीत. तो बँकेने देऊ केलेला न उचललेला कर्जाचा भाग आहे, त्यावर जप्ती बसत नाही. उद्या गिऱ्हाइकाचे पाच लाख त्या खात्यात आले तरी ते कर्ज कमी करण्यात जातात. आणि साध्या चालू खात्यातसुद्धा आदेश बँकेत पोचला त्या वेळी जे देणं होतं तेच धरलं जातं असं मानून चालावं. पुढच्या जमांवर विसंबू नका, नवा आदेश मागा.

आता प्लॉट. फर्मविरुद्धचा हुकूमनामा भागीदाराच्या खासगी मालमत्तेवर आपोआप चढत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ चा नियम ५० वाचा. फर्मच्या मालमत्तेवर थेट जाता येतं. भागीदाराच्या खासगी मालमत्तेवर थेट जायचं तर तो दाव्यात स्वतःच्या नावाने हजर झालेला असावा, किंवा आपण भागीदार आहोत हे त्याने कैफियतीत मान्य केलेलं असावं, किंवा कोर्टाने तसं ठरवलेलं असावं, किंवा भागीदार म्हणून त्याच्यावर वैयक्तिक समन्स बजावलेलं असून तो गैरहजर राहिलेला असावा. यातलं काहीच नसेल तर कोर्टाची परवानगी मागावी लागते, आणि तो ‘मी भागीदारच नव्हतो’ म्हणाला की त्यावर वेगळी चौकशी चालते.

रेवती, म्हणून पहिलं काम हे करा. मूळ दाव्याच्या फाइलमधून समन्सचा बेलीफ अहवाल काढा. दोघांपैकी कुणाच्या हातात समन्स दिलं, तिथे ‘भागीदार’ असं लिहिलंय की नुसतं ‘फर्मतर्फे स्वीकारलं’, आणि सही कुणाची आहे, हे तीन मुद्दे बघा. प्लॉटचं पुढचं सगळं त्या एका कागदावर ठरेल.

शेतमळा

माझ्याही बाबतीत असंच झालं. चेक परत आला तेव्हा नोटीस पाठवायला उशीर झाला आणि केस गेली. ताई, तुम्ही चेक घेतले होते का? चेक न वटल्याच्या कलम १३८ ची नोटीस ३० दिवसांत जायला हवी. तसं केलं असतं तर त्याला जामिनासाठी पळावं लागलं असतं.

कोर्टपायरी

शेतमळा, ती वाट वेगळी आहे. रेवतींकडे दिवाणी हुकूमनामा आधीच आहे, प्रश्न त्याच्या वसुलीचा आहे. तुमच्या चेकच्या रकमेसाठी दिवाणी दाव्याची मुदत शिल्लक आहे का ते वकिलांना विचारा. सर्वसाधारणपणे तीन वर्षं असतात, पण ती कधीपासून मोजायची ते व्यवहारावर ठरतं.

निवृत्त_नाझर

मी कोर्टाच्या नाझर शाखेत नोकरी केली आहे. मालजप्ती प्रत्यक्षात कशी होते ते सांगतो, कारण बहुतेक वॉरंटं ‘बजावणी न होता परत’ येतात ती गोदामाच्या दारातूनच.

बेलीफ तिथे पोचतो, शटरला कुलूप असतं, पंच म्हणून उभं राहायला कुणी तयार नसतं, बेलीफ अहवाल लिहितो आणि परत येतो. हे टाळायचं तर वॉरंटच्या अर्जासोबतच कुलूप तोडण्याची परवानगी आणि पोलीस मदत असे दोन अर्ज द्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६२ मध्ये बाहेरचं दार न तोडण्याचं आणि सूर्यास्तानंतर न शिरण्याचं जे बंधन आहे ते राहत्या घराबद्दल आहे, गोदामाबद्दल नाही. तरी बेलीफ स्वतःच्या जबाबदारीवर कुलूप तोडत नाही. त्याला लेखी आदेश लागतो आणि त्यात त्याचं काही चुकतं असंही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे माल ठेवणार कुठे? ट्रक, हमाल, ठेवायची जागा हा सगळा खर्च आधी तुम्ही भरायचा, तो नंतर दरखास्तीच्या खर्चात धरला जातो. जागा नसेल तर माल तिथेच सीलबंद करून कुणाच्या तरी ताब्यात सुपूर्तनाम्यावर ठेवतात. सुपूर्तनामा ऋणकोच्याच मेव्हण्याने दिला की लिलावाच्या दिवशी गोदामात काय उरतं ते मी पाहिलेलं आहे.

आणि पंचनामा नीट करून घ्या. ‘अंदाजे ४० खोकी माल’ असं लिहून भागत नाही. प्रत्येक खोक्यावरचं नाव, बॅच क्रमांक, नग आणि अंदाजे किंमत लिहायला लावा. हिशेबाच्या वह्या मात्र जप्त होत नाहीत, कलम ६० मध्ये त्यांना सूट आहे. पण कोर्टामार्फत हजर करायला लावता येतात.

रेवती_के

काका, खूप उपयोगी माहिती. पण गोदामाच्या दारावर ‘येथील माल अमुक बँकेकडे नजरगहाण’ अशी पाटी आहे. म्हणजे माल जप्त करून उपयोग नाही का?

जमाखर्च

मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो, म्हणून या पाटीबद्दल लिहितो.

कॅश क्रेडिट देताना बँक साधारणपणे माल आणि येणी दोन्ही नजरगहाण घेते, म्हणजे ताबा फर्मकडेच ठेवून तारण घेते. त्यामुळे तुमची जप्ती बँकेच्या हक्काच्या मागे उभी राहते. विक्री झाली तरी आधी बँक, उरलं तर तुम्ही. बँकेने आपला बोजा सरफेसी कायद्याखालच्या केंद्रीय नोंदणीत, म्हणजे सेरसाईत, नोंदवलेला असेल तर तिची बाजू आणखी भक्कम होते. ती नोंद कुणालाही शुल्क भरून तपासता येते. आधी ती काढा. पाटी लावलेली असते आणि नोंद नसते असंही घडतं.

पण यातच तुमच्या कामाची गोष्ट आहे. मर्यादा चालू ठेवायची तर फर्मला बहुधा दर महिन्याला बँकेला मालाचं आणि येण्यांचं विवरण द्यावं लागतं. त्या विवरणात कुठल्या गिऱ्हाइकाकडून किती येणं आहे आणि ते किती जुनं आहे ते नावानिशी असतं. फर्म कोर्टात ‘आमच्याकडे काही नाही’ म्हणत असेल आणि बँकेला ५० लाखांचा माल व येणी दाखवत असेल, तर दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत नाहीत. कोर्टामार्फत बँकेकडून मागच्या सहा महिन्यांची विवरणं मागवा.

कोर्टपायरी

जमाखर्च यांनी नेमकी जागा दाखवली. चालू धंद्याचा पैसा शोधायचा तर तो खात्यात पडून असतो त्यापेक्षा गिऱ्हाइकांच्या हातात जास्त असतो. नियम ४६-अ नुसार त्या गिऱ्हाइकाला गार्निशी म्हणून नोटीस काढता येते : फर्मला देणं असलेली रक्कम कोर्टात भर, नाहीतर का भरणार नाहीस ते येऊन सांग. तो आलाच नाही आणि पैसेही भरले नाहीत, तर कोर्ट त्याच्याविरुद्ध आदेश करू शकतं आणि तो आदेश हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. त्याने कोर्टात भरलेले पैसे फर्मला दिल्यासारखेच धरले जातात, म्हणून प्रामाणिक गिऱ्हाईक बहुधा वाद घालत नाही.

अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागतं. त्यात ‘आमच्या समजुतीनुसार हे गिऱ्हाईक देणं लागतं’ एवढंच लिहून थांबू नका, बिलाचा आधार द्या. विवरणाचा उतारा हा त्यासाठी उत्तम आधार.

त्याच्या आधी नियम ४१ चा अर्ज द्या. हुकूमनामा ३० दिवस अपुरा राहिला की ऋणकोने मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं असा आदेश मागता येतो, आणि आदेश मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. प्रतिज्ञापत्र बँकेच्या विवरणांच्या आधी मागा. आधी त्यांना शपथेवर बोलू द्या, मग बँकेचे कागद येऊ द्या.

माधवराव_जे

येणीही नजरगहाण आहेत म्हणताय, मग गिऱ्हाइकाने कोर्टात पैसे भरले तर बँक हरकत घेणार नाही का?

जमाखर्च

घेऊ शकते. आणि घेतली तर तिच्या हक्काचा विचार कोर्टाला करावाच लागतो. पण खातं नियमित असेल, तारण भरपूर असेल, तर एका गिऱ्हाइकाच्या दोन-तीन लाखांसाठी शाखा वकील नेमून येते असं मी फारसं पाहिलं नाही. खातं थकलेलं असेल तर मात्र नक्की येईल.

कोर्टपायरी

इथे मी जमाखर्चांएवढा निर्धास्त नाही. बँक नंतर आली तर ती रक्कम वाटपात अडकते. तेव्हा कोर्टातून पैसे काढून घेण्याचा अर्ज ताबडतोब द्या, रक्कम कोर्टात पडून राहू देऊ नका. कलम ७३ मुळे दुसरे हुकूमनामेदारही रक्कम जमा होण्याआधी अर्ज करून प्रमाणात वाटा मागू शकतात. जप्ती तुम्ही आणली म्हणून पैसे फक्त तुमचे होतात असं नाही.

प्रा_लि_पीडित

माझा हुकूमनामा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीविरुद्ध होता. जागेवर जप्ती आणली, विक्रीचा जाहीरनामा निघाला आणि मग दुसऱ्याच कुणीतरी कंपनीला दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात नेलं. त्या दिवसापासून माझी दरखास्त बंद पडली. जप्ती माझी होती, तरी मला साध्या धनकोंच्या रांगेत उभं केलं. रेवतीताईंचंही असं होऊ शकतं का?

कोर्टपायरी

तुमच्या बाबतीत नादारी संहितेचं कलम १४ लागलं. कंपनीवर स्थगिती आली की हुकूमनाम्याची बजावणीही थांबते, आणि जप्तीने मालमत्तेवर तारण निर्माण होत नाही. जप्ती फक्त खासगी विक्रीला अडवते. रेवतींसमोर भागीदारी फर्म आहे, कंपनी नाही, त्यामुळे तो धोका या रूपात नाही. तुम्ही निराकरण व्यावसायिकाकडे मुदतीत मागणी दाखल केली होती ना? नसेल तर त्याबद्दल वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

रेवती_के

थोडी प्रगती आहे, म्हणून लिहिते.

समन्सचे अहवाल मिळाले. वडिलांच्या हातात, ‘भागीदार’ असं नोंदवून समन्स दिलेलं आहे आणि ते दाव्यात हजर झालेच नाहीत. मुलाने कैफियत दिली होती, तिच्या दुसऱ्याच परिच्छेदात ‘मी सदर फर्मचा भागीदार आहे’ असं आहे. म्हणजे दोघांवरही थेट जाता येतं असं आमचे वकील म्हणतात.

नियम ४१ च्या प्रतिज्ञापत्रात त्यांनी येणी ‘निरंक’ लिहिली. नंतर बँकेची विवरणं आली, त्यात एका गिऱ्हाइकाकडे २,१०,००० दाखवलेत. त्याला नोटीस गेली आणि त्याने सगळी रक्कम कोर्टात भरली. बँक अजून आलेली नाही. पैसे काढण्याचा अर्ज दिला आहे.

आता समोरचे वकील म्हणतात, ‘मुद्दलातले २,१०,००० कमी करा.’ ते बरोबर आहे का?

जमाखर्च

नाही. हुकूमनाम्यात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर आलेली रक्कम आधी खर्च आणि व्याजात जाते. १ जुलै २०२५ पर्यंतचा हिशेब मांडून बघा. ११,४०,००० वर ९ टक्क्यांनी सहा वर्षांचं व्याज ६,१५,६००. खर्च ४८,०००. दोन्ही मिळून ६,६३,६००. त्यातून २,१०,००० वजा केले तर ४,५३,६०० उरतात आणि मुद्दल ११,४०,००० तसंच राहतं. एकूण येणं १५,९३,६००, आणि पुढे दर महिन्याला ८,५५० व्याज चालूच. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मुद्दल ९,३०,००० झालं तर तुमचं महिन्याचं व्याज ६,९७५ वर येतं. म्हणून ते आग्रह धरतायत. हा हिशेब तक्त्यात मांडून दरखास्तीत दाखल करा. कोर्टाबाहेर त्यांनी काही दिलं तर तेही कोर्टात नोंदवा.

निवृत्त_नाझर

प्लॉटच्या जप्तीत एक काळजी घ्या. नियम ५४ चा आदेश प्लॉटवर जाहीर करून डकवायचा असतो, कोर्टात लावायचा असतो, आणि जमीन महसुलाची असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातही. हे सगळं झाल्याचा अहवाल नीट लिहून घ्या, नाहीतर विक्रीनंतर ‘आम्हाला कळलंच नाही’ हा अर्ज ठरलेला. आदेशाची प्रत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे आणि दुय्यम निबंधकाकडे स्वतः नेऊन द्या, पोच घ्या आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद पडली का ते महिन्याने बघा.

अजून एक. दरखास्त तुमच्या गैरहजेरीमुळे किंवा पावलं न उचलल्यामुळे निकाली निघाली आणि आदेशात जप्ती चालू ठेवल्याचं लिहिलेलं नसेल, तर नियम ५७ प्रमाणे जप्ती संपते. दुसरी दरखास्त १२ वर्षांच्या आत लावता येईल, पण मधल्या काळात प्लॉट विकला गेला तर तुमच्या हातात काही नाही.

रेवती_के

काका, भीती होती तेच झालं. दुय्यम निबंधकाकडून सूची दोन, म्हणजे प्लॉटच्या नोंदलेल्या दस्ताचा उतारा काढला. फेब्रुवारी २०२४ मध्ये, म्हणजे हुकूमनाम्यानंतर तीन महिन्यांनी आणि आमच्या दरखास्तीच्या आधी, वडिलांनी तो प्लॉट सुनेला बक्षीसपत्राने दिलेला आहे. सातबाऱ्यावर आता सुनेचं नाव आहे.

माधवराव_जे

हे सरळसरळ फसवणुकीसाठी केलंय. जप्ती आणाच, हरकत घेऊ द्या त्यांना.

कोर्टपायरी

या वेळी माधवरावांशी बऱ्यापैकी सहमत आहे, पण वाट सोपी नाही. कलम ६४ जप्तीनंतरच्या विक्रीला अडवतं, हे हस्तांतर जप्तीच्या आधीचं आहे. त्यामुळे आधार मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ चा घ्यावा लागेल : धनकोंना चुकवण्यासाठी किंवा लांबवण्यासाठी केलेलं हस्तांतर. मोबदला देऊन चांगल्या हेतूने घेणाऱ्याला तिथे संरक्षण आहे. बक्षीसपत्रात मोबदलाच नाही, म्हणून सुनेची बाजू त्या मुद्द्यावर कमकुवत आहे. शिवाय वडिलांकडे दुसरी मोकळी मालमत्ता उरली होती का, हे फार महत्त्वाचं ठरेल. त्यांचं राहतं घर बँकेकडे गहाण आहे का ते बघा.

माझ्या मते जप्ती मागावी, सून नियम ५८ खाली हरकत घेईल आणि त्याच चौकशीत आपण कलम ५३ चा बचाव घ्यावा. जप्तीवरच्या हरकतीच्या वादात धनकोला हा बचाव घेता येतो असं सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये म्हटलेलं आहे, आणि नियम ५८ च्या चौकशीत मालकी हक्काचा प्रश्नही ठरतो.

तालुका_वकील

तत्त्व मान्य. पण कागदावर तिसऱ्याचं नाव असताना कोर्ट सुरुवातीला जप्तीच देत नाही, हा माझा अनुभव. आमच्याकडे ‘आधी सगळ्या धनकोंच्या वतीने कलम ५३ चा दावा लावा’ असंच सांगतात. मी असतो तर दावा आणि मनाई हुकमाचा अर्ज आधी लावला असता, म्हणजे प्लॉट सुनेकडून पुढे जाणार नाही.

कोर्टपायरी

वेगळा दावा म्हणजे पुन्हा काही वर्षं. दरखास्तीतच मनाई मागून बघावी. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या राहुल शाह निकालात सांगितलेलं आहे, तेही कोर्टाच्या नजरेस आणून द्यावं. पण तुमच्या कोर्टाचा कल तुम्हाला जास्त माहीत, ते नाकारत नाही.

रेवती_के

घराचा शोध घेतला. बँकेकडे गहाण आहे, सेरसाईत नोंदही आहे. म्हणजे बक्षीसपत्राच्या वेळी मोकळा असा हा एकच प्लॉट होता. आमच्या वकिलांनी प्लॉटच्या जप्तीचा अर्ज आणि सुनेविरुद्ध तात्पुरत्या मनाईचा अर्ज एकत्र तयार केला आहे, सोबत बक्षीसपत्राची प्रमाणित प्रत, सेरसाईचा उतारा आणि येणी ‘निरंक’ लिहिलेलं ते प्रतिज्ञापत्र जोडलं आहे. खोट्या प्रतिज्ञापत्रावर वेगळी कारवाई याच अर्जात मागावी की स्वतंत्र?

कोर्टपायरी

स्वतंत्र. या अर्जात ते प्रतिज्ञापत्र फक्त हेतू दाखवायला वापरा. दोन मागण्या एकत्र आल्या की समोरचे तारखा दुसरीवर खर्च करतील आणि पहिली लोंबकळेल. आणि त्या गिऱ्हाइकाचे २,१०,००० काढून घेण्याच्या अर्जावर आदेश झाला का? तो त्याच तारखेला पुकारून घ्या.